वऱ्हाडाची बस : माणशी २९१ रुपये हा हिशोब बरोबर आहे का?

जावळीचा_पोरगा

मंडळी, धाकट्या भावाचं लग्न ठरलंय. मुलीकडचे सांगलीचे, हॉल सांगलीतच. आमचं गाव साताऱ्यापासून मेढ्याच्या वाटेवर २० किलोमीटर आत. वऱ्हाडासाठी एक मोठी बस करायची आहे, ५० शिटांची, साधी, एसी नको. साताऱ्यातल्या एका ट्रॅव्हल्सवाल्यानं ५२ रुपये किलोमीटर सांगितलेत.

माझा हिशोब असा. गाव ते सांगली १४० किलोमीटर. जाऊन येऊन २८०. गुणिले ५२ म्हणजे १४,५६०. भागिले ५० म्हणजे माणशी २९१ रुपये २० पैसे. वडील म्हणतात इतकं स्वस्त असतं तर लोक बसच्या नावानं घाबरले नसते. काही सुटतंय का? बसवाला फोनवर "मिनिमम तीनशे" असंही काहीतरी म्हणाला होता, पण आपलं २८० म्हणजे जवळजवळ तेवढंच झालं ना?

अण्णा_वाईकर

वऱ्हाडाकडून माणशी पैसे काढणार? काय दिवस आलेत. आमच्या वेळी ट्रक करायचे, पण पाहुण्याला खिशात हात घालू द्यायचे नाहीत.

जावळीचा_पोरगा

अण्णा, पैसे आम्हीच देणार हो! माणशी खर्च एवढ्यासाठी काढतोय, की बस करावी की लोकांना सांगावं आपापल्या गाडीनं या, पेट्रोलचं आम्ही बघतो. घरात त्यावरनंच वाद चाललाय.

पेठनाका

सोपं आहे. मिनिमम ३०० म्हणजे तुम्ही २८० फिरला तरी पैसे ३०० चे. ३०० × ५२ = १५,६००. माणशी ३१२. संपला विषय.

स्टेअरिंग

पेठनाका, अर्धं बरोबर सांगितलंत. धंदा बावीस वर्षं केला, दोन बस आणि एक मिनीबस होती, आता विकून मोकळा झालोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, किलोमीटर गावापासून मोजत नाहीत, गॅरेजपासून मोजतात. गाडी साताऱ्यात उभी असते. ती तुमच्या गावाला रिकामी येणार २०, मग वऱ्हाड घेऊन सांगली १४०, परत १४०, आणि तुम्हाला उतरवून रिकामी साताऱ्याला २०. झाले ३२०. म्हणजे मिनिममच्या वर गेलात. ३२० × ५२ = १६,६४०.

पण मला दुसराच प्रश्न विचारायचाय. मुहूर्त किती वाजताचा आहे?

जावळीचा_पोरगा

गोरज. संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटं.

स्टेअरिंग

तिथंच घोटाळा आहे.

अक्षता ६.१० ला कागदावर, प्रत्यक्षात साडेसहा. जेवणं सातला सुरू. शेवटची पंगत साडेनऊ. मग वाटे लावायचं, मुलीची आई रडणार, आत्या रडणार, कुणाची तरी पिशवी हॉलवर राहणार. बस हलायला साडेदहा धरा. पेठ नाका ते सातारा हायवेला सहापदरीच्या कामाची वळणं आहेत, रात्रीची बस गावात पोचेल दोनला, आणि साताऱ्यात गॅरेजला लागेल पावणेतीनला.

बरेच गाडीवाले दिवस मोजतात रात्री १२ ते रात्री १२. घड्याळात बारा वाजले की दुसरा दिवस लागला, आणि दुसऱ्या दिवसाचं मिनिमम ३०० परत सुरू. म्हणजे तुमची गाडी फिरणार ३२०, पण बिल लागणार ६०० किलोमीटरचं. ६०० × ५२ = ३१,२००. भाड्यातलाच फरक १४,५६० रुपये. गंमत बघा, तुम्ही सुरुवातीला अख्ख्या बसचा जो खर्च काढला होता, तेवढीच रक्कम नुसत्या बारा वाजल्यामुळं वाढली.

जावळीचा_पोरगा

बाप रे. त्याला आत्ता फोन केला. तो म्हणाला, "होय साहेब, १२ नंतर दुसरा दिवसच लागतो, सगळीकडं तसंच असतं." पहिल्या फोनला बोलला नव्हता.

पेठनाका

हा आरटीओचा नियमच आहे. त्यात काही करता येत नाही.

स्टेअरिंग

नियम कसला? तो गाडीवाल्याचा आणि गिऱ्हाईकाचा ठराव आहे. मी स्वतः दोन्ही पद्धतीनं गाड्या दिल्यात. काहीजण कॅलेंडरचा दिवस धरतात, काहीजण गॅरेजमधून गाडी निघाल्यापासून २४ तास. एकदिवसाच्या लग्नात तुम्हाला दुसरी पद्धत पाहिजे. सकाळी ११ ला गाडी निघाली तर दुसऱ्या दिवशी सकाळी ११ पर्यंत एकच दिवस. तुमचं काम पावणेतीनला संपतंय.

गाडीवाल्याची बाजूही सांगतो. मिनिमम का असतं? हप्ता, विमा, टॅक्स, ड्रायव्हरचा पगार हे गाडी उभी असली तरी चालूच असतं. लग्नाच्या तारखेला तुम्ही गाडी अडवली तर तो दुसऱ्याला देऊ शकत नाही. म्हणून १०० किलोमीटरच्या लग्नालाही ३०० चे पैसे मागतो, आणि ते रास्तच आहे. बाराचं कारण मात्र वेगळं. रात्री तीनला आलेला ड्रायव्हर सकाळी सहाच्या भाड्याला जाऊ शकत नाही. जाऊही नये. म्हणजे त्याचा दुसरा दिवस खरोखर अर्धा बुडतो. त्यामुळं "बारानंतर काहीच देणार नाही" म्हणून भांडू नका. त्याऐवजी रात्रीचा जादा भत्ता देतो म्हणा, किंवा किलोमीटरला दोन रुपये वाढवून द्या. तीनशे किलोमीटर फुकट देण्यापेक्षा ते कितीतरी परवडतं.

सांगलीची_हळद

आमचं पण असंच झालं होतं, पण उलटं. नणंदेच्या लग्नानंतर सगळे तुळजापूरला गेलो, दोन दिवसांची बस. पहिल्या दिवशी ४५० किलोमीटर झाले, दुसऱ्या दिवशी फक्त १००. आम्ही धरलं एकूण ५५०, दोन दिवसांचं मिनिमम ६००, म्हणजे ६०० चे पैसे. तो म्हणाला पहिल्या दिवशी ४५० फिरलात त्याचे ४५०, दुसऱ्या दिवशी मिनिमम ३००, एकूण ७५०. दोन तास हॉटेलसमोर भांडण. यात कोण बरोबर?

स्टेअरिंग

बहुतेक ठिकाणी एकत्रच धरतात. एकूण किलोमीटर एका बाजूला, दिवस गुणिले ३०० दुसऱ्या बाजूला, जे जास्त त्याचं बिल. मी तरी तसंच घ्यायचो. पण रोजचा हिशोब रोज करणारेही आहेत, आणि आधी ठरलं नसेल तर कोण चूक सांगणं अवघड. या धाग्यातल्या लग्नाला तो फरक पडत नाही. बारा वाजेपर्यंत त्यांचे साधारण २२० होतील, बारानंतर १००. दोन्ही ३०० च्या आत, म्हणजे कसंही मोजा, ६०० च.

सांगलीची_हळद

आधी काहीच ठरलं नव्हतं. सासऱ्यांच्या ओळखीचा माणूस होता ना. ओळखीत कोण लिहून घेतं?

कृष्णाकाठ

मी सांगलीचा. माझा सल्ला, बस सांगलीतून करा. मुलीकडच्यांना सांगा. इकडं ४८ नं मिळते. चार रुपये किलोमीटरला वाचतात.

जावळीचा_पोरगा

हे चांगलं वाटतंय. पण गॅरेज ते गॅरेज मोजलं तर?

कृष्णाकाठ

हां... थांबा. सांगलीतून तुमच्या गावाला रिकामी १४०. वऱ्हाड घेऊन १४०. रात्री तुम्हाला सोडायला १४०. परत रिकामी १४०. ५६० झाले की हो. ५६० × ४८ = २६,८८०. राहू दे. सल्ला मागे घेतला.

मेढ्याची_मावशी

बस गावात बोलवूच नका. गावची माणसं वडापनं साताऱ्याला येतील, बस साताऱ्याच्या स्टँडवरनं सुटेल. ८० किलोमीटर वाचतील. आम्ही असंच केलं होतं, आम्ही हुशार!

स्टेअरिंग

मावशी, ८० वाचत नाहीत. सातारा ते सांगली जाऊन येऊन २४०. पण बिल ३०० चंच, कारण मिनिमम. ३२० चे ३०० झाले, म्हणजे वाचले २० किलोमीटर, १,०४० रुपये. त्यासाठी ५० माणसं दुपारी वडापनं साताऱ्याला आणायची, आणि रात्री दीड-दोन वाजता परत मेढ्याच्या वाटेला कोण नेणार? रात्रीच्या जिपा धरल्या तर हजारात भागणार नाही. मिनिममच्या खाली गेलं की किलोमीटर वाचवण्यात काही हाशील नसतं. उलट ते किलोमीटर वापरून घ्यावेत. आमची गिऱ्हाइकं हॉलवरून सांगलीच्या गणपतीला जाऊन यायची, कारण पैसे तसेही भरलेलेच असायचे.

मेढ्याची_मावशी

आमचं लग्न सकाळी साडेअकराचं होतं म्हणून जमलं. पण पैसे वाचले असं मालक म्हणाले होते. आता त्यांना विचारते.

अण्णा_वाईकर

एसटी का करत नाही? प्रासंगिक करारावर मिळते. आगारात जायचं, अर्ज करायचा, पैसे भरायचे. शिवाय आता बायकांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ च्या वरच्यांना फुकट. आमच्यासारखी दहा म्हातारी घ्या वऱ्हाडात, माणशी खर्च एकदम खाली!

स्टेअरिंग

अण्णा, सवलत तिकिटाला असते. करारात अख्खी गाडी घेता, तिकीट फाडत नाहीत. तिथं म्हातारा आणि तरणा सारखाच. पण एसटीला विचारायला हरकत नाही. फक्त लग्नाच्या दाट तिथीला आगारात गाडी शिल्लक असेल का ते आधी बघा, आणि तिथंही दिवस आणि किमान किलोमीटर कसे धरतात ते तोंडी न विचारता कागदावर बघा. तुलना करायची तर दोन्हीकडं तोच प्रश्न विचारायला हवा.

वांग्याचं_भरीत

एवढ्या मोठ्या बसच्या भानगडीत पडूच नका. १७ शिटांच्या ट्रॅव्हलर करा. २७ रुपये किलोमीटर. ज्यांना लवकर यायचं ते लवकर येतील.

जावळीचा_पोरगा

५० माणसांना तीन लागतील. प्रत्येकीचे ३२० धरले तर २७ × ३२० × ३ = २५,९२०. एक गाडी बाराच्या आत परतली तरी बाकी दोघींना बाराचा प्रश्न आहेच ना? आणि मिनिमम प्रत्येक गाडीला वेगळं.

वांग्याचं_भरीत

ते आहे. पण ट्रॅव्हलर घाटात बरी पडते.

पेठनाका

सातारा-सांगलीत घाट कुठला?

कऱ्हाडचा_पाहुणा

मला एक वेगळीच भानगड सांगायची आहे. गेल्या लग्नसराईत आम्ही साताऱ्याच्या एका ट्रॅव्हल्सकडं बस ठरवली, सांगलीलाच, लग्न दिवसाचं. सकाळी जी बस आली तिच्यावर वेगळंच नाव. मालकाची स्वतःची गाडी दुसऱ्या लग्नाला गेलेली, आमच्यासाठी त्यानं कऱ्हाडची गाडी बाहेरून घेतलेली. बिलात कऱ्हाडहून यायचे-जायचे किलोमीटर लावले! कऱ्हाड ते सातारा ५० च्या वर आहे. दोन्हीकडचे मिळून शंभराच्या वर किलोमीटर आमच्या माथी. आम्ही म्हटलं, ठरवली साताऱ्याची गाडी. तो म्हणाला, "गॅरेज ते गॅरेज ठरलं होतं ना?" शब्दात पकडलं आम्हाला. शिवाय टोलमध्ये तासवडे आणि किणी असे दोन्ही लावलेले. किणी पेठ नाक्याच्या पुढं कोल्हापूरकडं, आम्ही तर पेठ नाक्यालाच इस्लामपूरकडं वळलो होतो. किणीचे पैसे त्यानं "चुकून पडले" म्हणून परत दिले, किलोमीटरचे नाही दिले.

स्टेअरिंग

लग्नसराईत हे सर्रास होतं. म्हणून "गॅरेज ते गॅरेज" एवढं म्हणून थांबायचं नाही. "साताऱ्यातून साताऱ्यात" असं गावाचं नाव घालून ठरवायचं. गाडी त्यानं कुठूनही आणावी, ते किलोमीटर त्याचे. आणि मीटरचा फोटो. गाडी गावात आली की एक, वऱ्हाड परत उतरलं की एक. साताऱ्याचे २०-२० तुम्हाला माहितीच आहेत, ते त्यात मिळवायचे.

जावळीचा_पोरगा

मीटरचा फोटो घ्यायला ड्रायव्हर नाराज नाही होणार?

स्टेअरिंग

ड्रायव्हरला काय घेणं? त्याला त्याचा भत्ता आणि वेळेवर ताट पाहिजे. बसवाल्यांना शेवटच्या पंगतीला बसवू नका, पहिल्याच पंगतीत घ्या, म्हणजे निघेपर्यंत दोन-तीन तास झोप मिळेल. एवढं केलंत तरी त्यांच्यावर उपकार.

जावळीचा_पोरगा

तीन ठिकाणी फोन केले. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : "सकाळी ११ ला गाडी निघून रात्री तीनला आली तर किती दिवस?"

साताऱ्याचा पहिला : ५२ रुपये, बारानंतर दुसरा दिवस.
दुसरा : ४९ रुपये, बारानंतर दुसरा दिवस. हा फार गोड बोलतो.
तिसरा : ५४ रुपये, निघाल्यापासून २४ तास. रात्रीच्या जागरणाचे ५०० वेगळे.

ड्रायव्हर-क्लीनरचा मिळून भत्ता तिघांचाही दिवसाला ८००. टोलला मी अंदाजे ५०० धरलेत.

४९ वाल्याचे होतात ६०० × ४९ = २९,४००, दोन दिवसांचा भत्ता १,६००, टोल ५००. एकूण ३१,५००.
५४ वाल्याचे ३२० × ५४ = १७,२८०, भत्ता ८००, रात्रीचे ५००, टोल ५००. एकूण १९,०८०.

किलोमीटरला पाच रुपये महाग असलेली बस १२,४२० रुपयांनी स्वस्त. वडिलांनी दोनदा वहीत करून बघितलं.

पेठनाका

मानलं. पण ४९ वाल्याला "२४ तास धर" म्हणून घासाघीस करून बघा की.

जावळीचा_पोरगा

केली. तो म्हणाला "बघू, आपलंच लग्न आहे, ॲडजस्ट करू." लिहून द्या म्हटलं तर उत्तर नाही आलं.

सांगलीची_हळद

"आपलंच लग्न" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. अनुभव आहे.

स्टेअरिंग

आता माणशीचा भाग. ५० नं भागू नका. किती माणसं नक्की येणार?

जावळीचा_पोरगा

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ६१ जणांनी हात वर केलेत.

स्टेअरिंग

त्यातले पंधरा-वीस आदल्या रात्री कुणाच्या तरी कारमध्ये जातील, आणि ग्रुपवर नसलेले पाच पहाटे येऊन उभे राहतील. घरोघर फोन करून नावं लिहा.

जावळीचा_पोरगा

आईनं वही केली. पानाच्या डाव्या बाजूला नाव, उजवीकडं "बस" किंवा "आपली गाडी". तीन दिवसांत ६१ चे ४३ झाले. आईनं पेन्सिलीनं लिहिलंय, म्हणजे खोडता येईल म्हणे. १९,०८० भागिले ४३ म्हणजे माणशी ४४४. शिटा भरल्या तर ३८२. पहिल्याच गाडीवाल्याकडं बाराची अट न विचारता ठरवली असती तर ३१,२०० अधिक भत्ता-टोल मिळून ३३,३००, म्हणजे ४३ जणांत माणशी ७७४. आणि मी घरात २९१ सांगून बसलो होतो.

अण्णा_वाईकर

लहान पोरं मांडीवर बसतात, ती धरलीत का?

जावळीचा_पोरगा

पाच वर्षांच्या वरची धरलीत. पाचाच्या खालची सहा आहेत, मांडीवर.

मेढ्याची_मावशी

रात्री दोन वाजता झोपलेलं पोर मांडीवर घेऊन १४० किलोमीटर बसून बघा एकदा. त्यांना शीट धरा. सात मोकळ्या आहेतच ना?

स्टेअरिंग

मावशीचं ऐका. आणि तिसऱ्याला हे पाठवा, "होय" असं उत्तर आल्यावरच ॲडव्हान्स द्या : सातारा ते सातारा, मध्ये गाव आणि सांगली. ५४ रुपये. गाडी निघाल्यापासून २४ तासांचा एक दिवस, मिनिमम ३००. भत्ता ८००, रात्रीचे ५००. टोल पावतीप्रमाणे. आणि गाडी बदलली तरी किलोमीटर साताऱ्यापासूनच.

*

जावळीचा_पोरगा

महिन्यानं परत आलोय. लग्न झालं, भावजय घरात आली.

बस तिसऱ्याचीच केली. निघायला पावणेअकरा झाले, कारण मामांचा फेटा सापडत नव्हता, बसमध्येच निघाला. कऱ्हाडजवळ कामामुळं आतल्या रस्त्यानं वळवलं, तिथं किलोमीटर वाढले. गावात पोचलो २.२० ला. वहीत ४३ होते, बसमध्ये निघाले ४६. तीन ऐन वेळचे.

माझ्या मीटरच्या फोटोंवरून आणि साताऱ्याचे २०-२० धरून ३३४ किलोमीटर होतात. बिल ३४० चं आलं. ६ किलोमीटर म्हणजे ३२४ रुपये, म्हणून मी विचारलं. तो म्हणतो गाडी साताऱ्यात पंपावर डिझेल भरायला गेली होती. डिझेल भरायला जाण्याचे किलोमीटर गिऱ्हाइकाचे की गाडीवाल्याचे?

सध्या ३३४ चेच दिलेत. ३३४ × ५४ = १८,०३६, भत्ता आणि रात्रीचे मिळून १,३००. टोल सोडून १९,३३६, ४६ जणांत माणशी ४२०.

स्टेअरिंग

पंपाचे मी लावत नव्हतो. पण लावणारे आहेत.

पेठनाका

गॅरेज ते गॅरेज म्हटलं की पंप मध्येच आला ना?

कऱ्हाडचा_पाहुणा

पंप गॅरेजच्या वाटेवर असेल तर त्याचे वेगळे किलोमीटर होतातच कसे?

सांगलीची_हळद

ते राहू द्या. त्या तिसऱ्याचा नंबर व्यनि करा. माघात दिराचं आहे, तेही गोरजच.